तीन फूट पुरे

शिलाई मशीन घेतलं की महिन्याभरात माणसाला एक खाज सुटते. मशीन चालवता येतं, सरळ टीप मारता येते, मग नजर जाते ती "३२ फुटांचा सेट" नावाच्या एका प्लास्टिकच्या डबीवर. फूट म्हणजे लांबीचा नव्हे हो, सुईच्या खाली कापडाला दाबून धरणारा तो धातूचा छोटा पाय. प्रेशर फूट. ऑनलाईन दुकानात हा सेट दिसतो, प्रत्येक फुटाला आपापला खण, खाली इंग्रजीत नावं. सॉफ्टवेअरवाल्याला असा डबा दिसला की काय होतं ते सांगायला नको. जितके फीचर तितकं चांगलं! :)

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने नुकतंच मशीन घेतलं आणि तिचा प्रश्न आला, "अरे, हा सेट घेऊ का?" मी म्हटलं, घेऊ नकोस. निदान आज तरी नको. तीन फूट घे: चेनचा, रोल्ड हेमचा आणि वॉकिंग फूट. तिने विचारलं, हेच तीन का? चहाच्या टेबलावर हे धड सांगता येईना, म्हणून शनिवारची सकाळ काढून हे लिहायला बसलोय.

आधी साधा फूट काय करतो ते बघू. मशीनच्या पाटीत सुईच्या भोकाच्या आजूबाजूला करवतीसारखे दाते असतात. सुई वर असताना हे दाते पाटीतून वर येतात, कापडाला एक टाका मागे सरकवतात, खाली बुडतात आणि पुन्हा पुढे येतात. म्हणजे कापड सरकवण्याचं काम दात्यांचं. पण दाते सरकवतील कशाला? कापड वरून दाबलेलं असेल तरच ना! तो दाब फूट देतो. साध्या फुटाला दोन बोटं असतात, एक सुईच्या डाव्या बाजूला आणि एक उजव्या, आणि दोन्ही सपाट.

यात तीन गोष्टी गृहीत धरल्यात. सुईच्या दोन्ही बाजूंना कापड सपाट आहे. कापड जसं हातातून सुटलं तसंच सुईखाली जायचंय. आणि खालचा थर सरकला की वरचाही तेवढाच सरकेल. रोजच्या शिलाईत ही तिन्ही गृहीतकं खरी असतात. ज्या दिवशी पहिलं खोटं ठरतं त्या दिवशी चेनचा फूट लागतो, दुसरं खोटं ठरलं की रोल्ड हेमचा, तिसरं ठरलं की वॉकिंग फूट. डबीतले बाकीचे बरेचसे फूट या तीन कल्पनांच्याच आवृत्त्या आहेत, किंवा मग काज-बटणासारख्या एखाद्या ठराविक कामाचे आहेत.

पहिला चेनचा. उदाहरण म्हणून उशीचा अभ्रा घ्या, ४० सेंटीमीटर चौरस. एका बाजूला ३५ सेंटीमीटरची नायलॉनची चेन बसवायची आहे. चेनचे दाते कापडापेक्षा उंच असतात, आणि टीप दात्यांपासून चार-पाच मिलीमीटरवर पाहिजे. साध्या फुटाचं एक बोटही साधारण तेवढंच रुंद. म्हणजे टीप जिथे पाहिजे तिथे सुई नेली की फुटाचं एक बोट चेनच्या दात्यांवर चढतं. फूट तिरका होतो, एका बाजूचा दाब सुटतो, आणि कापड दात्यांपासून लांब लांब घसरत जातं. शेवटी टीप अशी दिसते की सुरुवातीला चेनजवळ आणि संपताना भलतीकडे.

चेनच्या फुटाचा उपाय साधा आहे, अडचण करणारं बोटच काढून टाकलंय. मधे एक अरुंद पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुईसाठी खाच. फूट डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून लावायचा, म्हणजे पट्टी दात्यांच्या बाहेरच्या बाजूला राहते आणि सुई दात्यांच्या बाजूला उतरते. आईच्या पायाच्या काळ्या मशीनवर हाच फूट वेगळ्या रूपात आहे. एकच बोट, आणि ते स्क्रू सैल करून इकडे-तिकडे सरकवायचं.

अभ्र्याचं काम असं होतं. दोन्ही तुकडे सुलट बाजू आत घेऊन जुळवायचे, दोन सेंटीमीटर माया सोडायची. दोन्ही टोकांना अडीच-अडीच सेंटीमीटर पक्की टीप, मागे-पुढे करून. मधल्या ३५ सेंटीमीटरवर टाका चार-पाच मिलीमीटरचा करून कच्ची टीप. मग माया उघडून इस्त्री. आता चेन पालथी ठेवायची, तिचे दाते बरोब्बर कच्च्या टिपेच्या रेषेवर. कच्च्या धाग्याने किंवा टाचण्यांनी पकडून चेनच्या फुटाने एक बाजू शिवायची, फूट दुसऱ्या बाजूला लावून दुसरी बाजू. शेवटी कच्ची टीप उसवली की चेन दोन समान ओठांच्या खाली लपलेली दिसते.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, फूट बदलल्यावर मशीन चालू करण्याआधी हाताने चाक एक फेरी फिरवून बघायलाच हवं की सुई खाचेत मोकळी उतरतेय. धातूवर आदळली तर सुई तुटतेच, शिवाय तुकडा उडतो. याच कारणाने या फुटावर झिगझॅग लावायचं नाही. दोन, रनरजवळ आलं की तिथे चेन आणखी रुंद होते आणि रेषा वाकते. त्यावर उपाय असा, की रनरच्या चार-पाच सेंटीमीटर आधी थांबायचं, सुई कापडात खुपसलेली ठेवून फूट उचलायचा, रनर सरकवून मागे न्यायचा, फूट खाली घेऊन पुढे जायचं. तिसरी गोष्ट मला आईने सांगितली. दोन्ही बाजू एकाच दिशेने शिवायच्या, दोन्ही तळापासून वर. हा फूट कापडाला एकाच बाजूने दाबतो, त्यामुळे कापड किंचित ओढलं जातं. एक बाजू खालून आणि दुसरी वरून शिवली की ती ओढ उलटसुलट होते आणि चेन पिळवटल्यासारखी दिसते. हे मशीनच्या पुस्तिकेत मला तरी सापडलं नाही.

याच फुटाने उशीच्या कडेची पायपिंगही होते. पायपिंग म्हणजे कापडात गुंडाळलेली डोरी, आणि डोरी हाही शेवटी एक उंचवटाच. म्हणजे एका फुटात दोन कामं.

दुसरा फूट रोल्ड हेमचा. समोरून बघितला तर त्याच्या तोंडाशी धातूची गुंडाळी दिसते, गोगलगायीच्या शंखासारखी. कापडाची कड या गुंडाळीत शिरली की बाहेर पडताना दोनदा दुमडलेली असते आणि लगेच तिच्यावर टीप पडते. मलमलच्या ओढणीची कड घ्या. अडीच मीटर लांब, दोन मिलीमीटरची दुहेरी दुमड हाताने घालून, इस्त्री करून, टाचण्या लावून शिवायची म्हणजे सबंध दुपार गेली. आणि एवढी बारीक दुमड बोटात धड राहतही नाही, इस्त्रीने बोटं भाजतात ती वेगळीच.

या फुटांवर आकडे असतात: दोन मिलीमीटर, चार मिलीमीटर, सहा मिलीमीटर. ती तयार कडेची रुंदी. दोनचा फूट शिफॉन-जॉर्जेटसारख्या झिरझिरीत कापडाला. मलमल किंवा पातळ सुती कापडाला सुरुवातीला चारचा बरा, कारण गुंडाळीत काय चाललंय ते दिसतं तरी. जाड खादी किंवा डेनिम यात जाणारच नाही, प्रयत्नही करू नये.

खरी अडचण सुरुवातीच्या दोन सेंटीमीटरची. कापड गुंडाळीत शिरणार कसं? त्याची रीत अशी. कापडाची उलट बाजू वर ठेवायची. पहिले दोन-तीन सेंटीमीटर हाताने दोनदा दुमडून इस्त्री करायची. ती दुमड फुटाखाली ठेवून चार-पाच टाके घालायचे आणि मागचे दोरे चांगले वीतभर लांब ठेवायचे. सुई कापडात ठेवून फूट उचलायचा, समोरची कड गुंडाळीत सरकवायची, फूट खाली. आता डाव्या हाताने मागचे दोरे हलकेच धरायचे, ते शेपटीचं काम करतात. उजव्या हाताने समोरची कड थोडी उचलून, ताठ धरायची. पहिल्या दहा सेंटीमीटरला गोगलगायीच्याच वेगाने जायचं, मग हाताला अंदाज येतो.

चूक ओळखायची खूण कापडावरच दिसते. कापडाचा पसारा डावीकडे आणि कड उजवीकडे असते. तयार कडेतून धागे डोकावायला लागले तर गुंडाळीत कापड कमी जातंय, कापड अगदी थोडं उजवीकडे सरकवा. गुंडाळी गच्च भरून दुमड जाड, वेडीवाकडी झाली तर कापड जास्त जातंय, डावीकडे घ्या. हा सगळा खेळ एखाद्या मिलीमीटरचा आहे, म्हणून त्याच कापडाच्या कपट्यावर आधी हात बसवून घ्यावा. जॉर्जेट फारच पळत असेल तर कडेला स्टार्चचा फवारा मारून इस्त्री करा, कापड कागदासारखं वागायला लागतं.

मर्यादाही आहेत. जोड असलेल्या ठिकाणी थर वाढतात आणि गुंडाळी अडते. तिथली माया आधी छाटून बारीक करावी लागते. कोपऱ्यात फूट वळत नाही. एक बाजू टोकापर्यंत संपवून, कापड काढून, दुसरी बाजू नव्याने सुरू करावी लागते. आणि उरेब कापलेली कड असेल तर ती ताणली जाते, वाटीसारख्या लाटा येतात. घेरदार फ्रॉकच्या गोल कडेला हा फूट म्हणूनच जपून वापरायचा. बायकांना माहीत असलेल्या साडीच्या पिकोशी याची गल्लत करू नका. दुकानात पिको वेगळ्या मशीनवर होतो, त्यात कड गुंडाळून वर झिगझॅग असतं. या फुटाचं सुईचं भोक रुंद असेल तर झिगझॅग लावून तसा भास आणता येतो. भोक गोल असेल तर फक्त सरळ टीप.

आता वॉकिंग फूट. या तिघांतला हा सगळ्यात धिप्पाड आणि कुरूप. बाजूला एक चिमट्यासारखा हात, पोटात स्प्रिंगा, आणि चालताना खडखड आवाज. मला तो घ्यावासा वाटला तो आजीच्या साड्यांमुळे.

आजी गेली तेव्हा तिची चार सुती नऊवारी लुगडी आईने ठेवून घेतली होती. धुऊन धुऊन मऊसूत झालेली. आईच्या मनात त्यांची गोधडी करायची होती, पण आता तिची बोटं दुखतात, हाताने धावदोरा घालणं शक्य नाही. म्हणून, "तुझ्या मशीनवर होईल का?" असं तिने विचारलं. होईल का, हा प्रश्न सोपा नव्हता. जुनं सुती कापड एकदा टोचलं की भोक राहतं. चुकलेली टीप उसवायला गेलं की धागाच तुटतो. आणि अशी लुगडी बाजारात पुन्हा मिळत नाहीत. म्हणजे थेट प्रॉडक्शनवर प्रयोग करायची सोय नाही.

साध्या फुटाने गोधडी का बिघडते ते बघा. दाते खालच्या थराला धरतात. वरच्या थराला कुणीच धरत नाही. तो खालच्याशी असलेल्या घर्षणाने ओढला जातो, आणि वरून फुटाची सपाट तळी त्याला मागे धरून ठेवते. दोन पातळ थर असतील तर खालची ओढ जिंकते. मधे मऊ थर आले की वरचा थर प्रत्येक टाक्याला केसभर मागे राहतो. केसभर म्हणजे काहीच नाही, पण टाके शेकड्याने असतात. शेवटी वरचं कापड जास्तीचं उरतं, फुटाच्या पुढ्यात त्याची लाट तयार होते. गोधडीत आडवी टीप आधी मारलेली असेल तर ती लाट तिथे अडते आणि चुणी होऊन शिवली जाते. हाताच्या गोधडीत हे होत नाही, कारण तिथे वरून दाबणारं, घासणारं काही नसतं. सुई सगळे थर एकदम ओवून घेते.

वॉकिंग फुटाला स्वतःचे दाते असतात, वरचे. त्याचा चिमटा सुईच्या पकडीच्या स्क्रूवर बसतो. सुईचा दांडा वर-खाली झाला की त्या हाताने फुटाचे दाते उचलले जातात आणि टेकवले जातात. खालचे दाते सरकतात तेव्हा वरचे कापडावर टेकून त्यांच्याबरोबर सरकतात, मग उचलून परत पुढे येतात. सगळे थर जणू दोन हातांत धरून पुढे नेल्यासारखे. नाव वॉकिंग ते याचमुळे, पाऊल टाकत चालतो.

आजीच्या लुगड्यांना हात लावण्याआधी मी जुन्या चादरीवर चाचणी घेतली. ५० सेंटीमीटर लांब, आठ सेंटीमीटर रुंद अशा पट्ट्या कापल्या. एका नमुन्यात चार थर, जेवढे गोधडीत असणार तेवढेच. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या पट्टीवर दर दहा सेंटीमीटरला पेन्सिलची खूण. टाचण्या मुद्दाम लावल्या नाहीत. टाका तीन मिलीमीटर, सुई १४ नंबरची. साध्या फुटाने शिवल्यावर शेवटच्या खुणेला वरची पट्टी नऊ मिलीमीटर मागे. मशीनच्या माथ्यावर फुटाचा दाब कमी करायचा स्क्रू असतो, तो सैल करून पुन्हा केलं तर पाच मिलीमीटर. वॉकिंग फुटाने जेमतेम एक. तुमच्या कापडावर आकडे वेगळे येतील, पण ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि ती त्याच कापडाच्या भावंडावर करावी.

आता हिशोब करा. अर्ध्या मीटरला नऊ मिलीमीटर, म्हणजे दोन मीटरच्या गोधडीत एका टिपेला साडेतीन सेंटीमीटरहून जास्त. एवढं कापड कुठे लपवणार? नुसता दाब कमी केला तरी दोन सेंटीमीटर. वॉकिंग फुटाने चार मिलीमीटर, ते धुतल्यावर येणाऱ्या सुरकुत्यांत मुरून जातं.

तरीही फुटावर सगळं सोपवायचं नाही. गोधडीला आधी चारही थर जमिनीवर ताणून, मधोमधपासून बाहेर जात, दर वीतभरावर मोठा कच्चा धावदोरा घातला. तो आईने सांगितला आणि मी घातला. मग मशीनची पहिली टीप मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटीमीटरवर पुढच्या. मधून बाहेर जायचं कारण असं, की उरलीसुरली लाट कडेकडे निघून जाते, दोन टिपांमधे कोंडली जात नाही. गुंडाळलेली गोधडी टेबलावर टेकलेली हवी. ती खाली लोंबली तर तिचं वजन कापडाला मागे ओढतं आणि टाके बारीक होतात. मग वॉकिंग फूटही काही करू शकत नाही.

याही फुटाचे नखरे आहेत. बऱ्याच वॉकिंग फुटांवर उलटी टीप मारायची नसते, वरचे दाते एकाच दिशेला चालण्यासाठी बनवलेले असतात. सुरुवातीला आणि शेवटी टाका अगदी बारीक करून सात-आठ टाके घातले की दोरा सुटत नाही. भरधाव चालवायचं नाही. नागमोडी फुलं-वेलींची नक्षी करायची असेल तर हा उपयोगाचा नाही, त्याला खालचे दाते बंद करून वेगळा फूट लावतात. पण लांब सरळ रेषांना, आणि चौकडीचं कापड जोडताना चौकट चौकटीला जुळवायला, याच्यासारखा दुसरा नाही.

शेवटी खरेदीची गोष्ट. फूट मशीनला बसेल का, हे ब्रँडवरून ठरवू नका, मोजून ठरवा. फूट खाली करा आणि पाटीपासून फूट आवळणाऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंत पट्टी लावा. साधारण १२-१३ मिलीमीटर आलं तर तुमचं मशीन लो शँक, घरगुती मशीन बहुतेक हेच. २५ च्या आसपास आलं तर हाय शँक. चेनचा आणि हेमचा फूट खटकन लागणारे मिळतात. वॉकिंग फूट मात्र तसा लागत नाही, त्यासाठी खटका असलेला तो घोटाच स्क्रू काढून उतरवावा लागतो. जुन्या काळ्या मशीनवर आणखी एक अडचण. त्यांच्या पाटीतले दाते अरुंद, जवळजवळ असतात. वॉकिंग फुटाचे वरचे दाते त्यांच्याबरोबर समोरासमोर यायला हवेत. ते हवेत टेकत असतील तर फूट नुसता बसला म्हणून काम करणार नाही. दुकानात मशीन नेता येत नसेल तर पाटीचा वरून फोटो काढून न्या.

मैत्रिणीला मी क्रमही सांगितला. चेनचा फूट बहुतेक मशीनबरोबर येतोच, आधी खणात शोध. हेमचा घ्यायचा तो पहिल्या ओढणीच्या वेळी, चार मिलीमीटरचा. वॉकिंग फूट तिघांत महाग, तो जाड किंवा अनेक थरांचं काम हातात आल्यावरच. तिने लगेच विचारलं, "आणि मग ते बाकीचे २९?" म्हटलं, एखादं काम अडलं की मला सांग, कुठलं गृहीतक मोडलंय ते बघू आणि तेवढाच फूट आणू.

गोधडीच्या अकरा टिपा झाल्यात, कडेच्या अजून बाकी आहेत. आई रोज संध्याकाळी तिच्यावरून हात फिरवून चुणी शोधते. अजून सापडलेली नाही.